चहा ओतण्याचा आणि पानं उलटण्याचा आवाज: गोव्याच्या घरात ४८ सेकंदांचा एएसएमआर शॉर्ट कसा करायचा

एएसएमआर, म्हणजे हळू, जवळचे आवाज ऐकून डोक्यामागे येणारी सुखद झिणझिण, असं म्हटलं की बऱ्याच जणांना कानात कुजबुजणारी बाई नाहीतर माइकवर नखं वाजवणारं कोणीतरी आठवतं. मला इथे त्यातलं काहीच करायचं नाहीये. एकही शब्द न बोलता, संगीत न टाकता, फक्त चहा ग्लासात पडतोय, चमचा फिरतोय आणि पुस्तकाची पानं उलटतायत एवढ्यावर एक शॉर्ट कसा उभा करायचा ते सांगतो, आणि तोही गोव्यातल्या साध्या कौलारू घरात, जिथे पंखा, सायकलवरून पाव विकणारा पोदेर, कावळे आणि जून ते सप्टेंबरची दमट हवा हे सगळे तुमच्याबरोबर रेकॉर्ड व्हायला बसलेलेच असतात.

पानांचा आवाज मुद्दाम घेतलाय. २०१५ साली स्वान्सी विद्यापीठातल्या दोघांनी ४७५ लोकांना विचारून एक अभ्यास छापला होता, त्यात कुजबूज सगळ्यात वर होती, ७५ टक्के लोकांना त्याने ती डोक्यामागची मुंग्यांसारखी झिणझिण यायची, पण कुरकुरीत, कोरडे, स्पष्ट आवाजसुद्धा ६४ टक्क्यांवर होते आणि सावकाश हालचाली ५३ टक्क्यांवर. हे सगळे आधीपासून एएसएमआर अनुभवणारे लोक होते हे ध्यानात ठेवा, म्हणजे ६४ टक्के पब्लिकला आवडेल असा अर्थ काढू नका, अनेकांना ही झिणझिण कधी येतच नाही. त्यांना फक्त बरं वाटतं, शांत वाटतं, तेवढंही पुरे. पण मुद्दा हा की बोलल्याशिवायसुद्धा या गोष्टीत दम आहे, फक्त आवाज खरोखर कुरकुरीत आणि स्पष्ट हवा. आणि तो एडिटिंगमध्ये तयार होत नाही, तो खोलीत, भांड्यात आणि कागदात आधीच असावा लागतो. म्हणून या लेखात सॉफ्टवेअरपेक्षा ग्लास आणि कागद याबद्दलच जास्त वाचायला मिळेल.

आधी ४८ सेकंद कागदावर मांडा

रेकॉर्डिंगला बसण्याआधी कुठला आवाज किती वेळ हे लिहून ठेवायचं, नाहीतर अर्धा तास काहीबाही रेकॉर्ड होतं आणि त्यातून काय उचलायचं ते कळत नाही. शॉर्ट्स आता तीन मिनिटांपर्यंत करता येतात, रील्सपण, पण दोनच मुख्य आवाज असतील तर पाऊण मिनिटाच्या पुढे ताणू नका असं माझं मत आहे.

मी जी मांडणी धरतो ती अशी. पहिल्या सेकंदालाच चहाची धार सुरू, कारण शॉर्ट बघणारा माणूस अंगठा तयारच ठेवून असतो, शांततेने सुरुवात केली तर त्याला वाटतं आवाज बंद आहे आणि तो पुढे जातो. धार १३-१४ सेकंद. मग तीन सेकंद काहीच नाही, फक्त खोलीची शांतता. मग चमचा, साधारण सात सेकंद. चमचा बाजूला ठेवला, पुन्हा दोन-तीन सेकंद गप्प. मग पुस्तक, उघडलं, अंगठा कडेवरून फिरवला आणि चार पानं सावकाश उलटली, हे सतरा-अठरा सेकंद. शेवटी किटली परत उचलल्याचा हलका आवाज, आणि इथेच तोडायचं, कारण शॉर्ट संपला की आपोआप पुन्हा सुरू होतो आणि किटली उचलल्यावर लगेच धार आली तर जोड कळतच नाही, बघणारा दुसऱ्यांदा कधी ऐकायला लागला ते त्याला समजत नाही.

चहाचा घोट मुद्दाम घेतलेला नाही. तोंडाच्या आवाजांनी अनेकांना खरोखर त्रास होतो, चीड येते, मिसोफोनिया म्हणतात त्याला, आणि जो माणूस शांत व्हायला आलाय त्याला फुर्रर्र ऐकवणं मला पटत नाही.

घर गप्प करायचं

आता समजा घर फोंड्याजवळचं आहे, जुनं, मंगळुरी कौलांचं, मध्ये राजांगण. माझ्या मावशीचं असंच आहे आणि उदाहरण म्हणून मी तेच धरतो. अशा घरात बाहेरचं सगळं आत येतं कारण कौलांमध्ये फटी असतात आणि वर स्लॅब नसतो. फ्लॅटमध्ये उलट, बाहेरचं कमी येतं पण गुळगुळीत भिंती आणि टाइल्समुळे आवाज घुमतो.

वेळ निवडताना लोक रात्र निवडतात, शांत असते म्हणून. गोव्यात, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर, ही फसवी शांतता आहे. रातकिडे जिथे ओरडतात त्या वरच्या फ्रिक्वेन्सीज, म्हणजे चार-पाच हजार हर्ट्झ आणि त्याच्या पुढे, तिथेच कागदाची कुरकुर पण असते. कानाला रातकिड्यांची सवय असते म्हणून आपल्याला ते जाणवत नाहीत, माइकला सवय बिवय काही नसते. आणि एडिटिंगमध्ये कागदाच्या आवाजातून रातकिड्यांचा आवाज काढायला जाल तर कागदाचा पण निघून जातो. पहाटे बघावं तर कोंबडे, कावळे आणि मग पोदेराचा पोंय पोंय. म्हणून माझी पसंती दुपारी दोन ते चार. जेवणं झालेली, दुकानं बंद, गाव आडवा झालेला, किडेही तेव्हा रात्रीपेक्षा कमी. मासे विकणारी नुस्तेंवाली येऊन गेलेली असते.

मग घरातलं एकेक बंद करायचं. पंखा, एसी, इन्व्हर्टरची घरघर, भिंतीवरचं घड्याळ दुसऱ्या खोलीत. आणि फ्रीज. फ्रीजचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू होतो आणि चांगला चाललेला टेक मारतो, म्हणून तो बंदच करायचा, आणि रेकॉर्डिंगवाल्यांची जुनी सवय आहे ती उचला: स्कूटरची चावी फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही. मावशी विचारते, "किती वेळ बंद ठेवणार रे, आत बांगडे आहेत." तासभर दार न उघडता बंद राहिला तर बांगड्यांना काही होत नाही, फक्त मध्ये पाण्याची बाटली काढायला कोणी जाऊ नये एवढं सांगून ठेवा.

हे झालं की तीस सेकंद काहीच न करता रेकॉर्ड करा, हेडफोन लावा आणि आवाज वाढवून ऐका. काय ऐकू येतं ते लिहा. दूरचा पंप, शेजारच्यांचा टीव्ही, नारळाच्या झावळ्या, सगळं. झावळ्यांची सळसळ राहिली तरी चालते, ती सतत आणि मऊ असते. टीव्ही चालत नाही, कारण शब्द अर्धवट जरी ऐकू आले तरी मेंदू ते पकडायला जातो. आकड्यात हवं असेल तर असं बघा, चहाची धार रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास टोक गाठत असेल तेव्हा रिकाम्या खोलीचा आवाज उणे ५५ किंवा त्याच्याही खाली पाहिजे. उणे ४५ असेल तर तो हिस्स शॉर्टभर ऐकू येणार, मग थांबा आणि अजून काय चालू आहे ते शोधा.

घुमणं कमी करायला टेबलाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना गोधड्या टांगा, दोरीवर नाहीतर खुर्च्यांच्या पाठीवर. ग्लास ज्या टेबलावर आहे त्याच टेबलावर माइक ठेवू नका, भांड्याचा प्रत्येक धक्का लाकडातून थेट माइकमध्ये जातो. माइक वेगळ्या स्टँडवर, ग्लासाखाली घडी केलेला टॉवेल आणि त्याच्यावर ट्रे किंवा चटई, म्हणजे व्हिडिओत टॉवेल दिसत नाही.

चहाची धार: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

धारेचा आवाज नेमका येतो कुठून हे कळलं की निम्मं काम होतं. पाणी पाण्यावर पडल्याचा जो गळगळ आवाज असतो तो मुख्यतः बुडबुड्यांचा असतो. धार खाली शिरताना हवा आत ओढते, तिचे बारीक बुडबुडे होतात आणि प्रत्येक बुडबुडा थरथरून वाजतो. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३,२०० हर्ट्झला वाजतो, त्याच्या दुप्पट मोठा असेल तर निम्म्यावर. म्हणजे बुडबुडेच झाले नाहीत तर आवाजच नाही.

आता यातून तीन गोष्टी निघतात. एक म्हणजे धार ग्लासाच्या आतल्या भिंतीवरून घरंगळू द्यायची नाही. चहा सांडू नये म्हणून आपण नेहमी तसंच ओततो, पण तेव्हा हवा आत जात नाही आणि धार जवळजवळ मुकी होते. धार मधोमध चहावरच पडली पाहिजे. दुसरं, उंची. किटलीची चोच चहाच्या पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटीमीटरवर असेल तर धार गुळगुळीत शिरते आणि पुन्हा मुकी. फार वर नेली, वीस-पंचवीस सेंटीमीटर, तर छपाक छपाक होतं आणि थेंब बाहेर उडतात. मला सात ते दहा सेंटीमीटर बरोबर वाटतं, आणि ग्लास भरत जाईल तशी किटलीही वर घ्यायची म्हणजे अंतर तेवढंच राहतं. तिसरं, धार बारीक. १५० मिलीलिटर चहा १३-१४ सेकंदात, म्हणजे सेकंदाला दोन चमचे म्हणा. यासाठी लांब चोचीची किटली लागते, पातेल्याने ओतलं तर धार तुटते आणि रुंद होते, पातेलंच वापरायचं असेल तर त्याला एका बाजूला ठोकून काढलेली चोच तरी असावी.

भांडं कुठलं? स्टीलचा ग्लास टाळा, त्याची स्वतःची एक किणकिण असते ती चहाला झाकते. चिनी मातीचा रुंद कप दिसायला छान, पण ओतण्याचा आवाज त्यात सपाट येतो. उंच, अरुंद काचेचा ग्लास सगळ्यात चांगला, कारण त्यात चहाच्या वर जी हवेची पोकळी असते ती पण वाजते आणि चहा चढेल तशी ती आखूड होत जाते, म्हणून सूर चढत जातो. दहा सेंटीमीटर उंच ग्लासात तो सात-आठशे हर्ट्झला सुरू होऊन दीड-दोन हजाराच्या आसपास पोचतो. डोळे मिटलेल्या माणसालाही आता ग्लास भरत आला हे कळतं ते यामुळेच, आणि माझ्या मते या शॉर्टमधली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे, म्हणून ती धार मध्ये कुठेही कापू नका, चौदा सेकंद पूर्ण द्या.

चहा गरमच हवा. लोक सोयीसाठी थंड, रंगवलेलं पाणी वापरतात, पण गरम आणि थंड पाणी ओतल्याचा आवाज वेगळा येतो आणि आपल्याला तो ओळखता येतो, मुद्दाम कोणी शिकवलेलं नसतं तरी. थंड पाण्याचा आवाज तीक्ष्ण, गरमचा जरा जाड आणि मऊ. पडद्यावर वाफ आणि कानात थंड पाणी असं झालं तर बघणाऱ्याला काहीतरी खोटं आहे असं वाटतं, काय ते सांगता येणार नाही त्याला. उकळता नको, काच तडकेल आणि हात भाजेल. गाळून दोन मिनिटं ठेवलेला बरोबर.

दुधाचा की कोरा हा प्रश्न येतोच. दुधाच्या चहावर फेस होतो आणि फेस वर बसला की तो पुढचा सगळा आवाज गिळतो, पहिले चार-पाच सेकंद छान येतात आणि मग फसफस. म्हणून धारेसाठी मी कोरा चहा घेतो, गवती चहाची पात आणि थोडंसं आलं घातलेला, रंगही काचेत छान दिसतो. ज्यांना दुधाचाच पाहिजे त्यांनी दूध कमी घालावं आणि ओतायच्या आधी किटलीतला फेस चमच्याने काढून टाकावा, पूर्ण नाही जात पण बराच फरक पडतो.

माइक ग्लासापासून १५ ते २० सेंटीमीटर, बाजूला, ग्लासाच्या काठाच्या किंचित खाली, तोंड काठाकडे. वर कधीच नाही. वाफ वर जाते आणि कंडेन्सर माइकच्या पडद्यावर बसली की तडतड ऐकू येते, ती तुम्हाला चहाची वाटेल पण चहा ओतणं थांबल्यावरही ती चालू राहते, त्यावरून ओळखायचं. असं झालं तर माइक बंद करून कोरड्या जागी तासभर ठेवा, फुंकर मारू नका, तोंडाची वाफ अजून आत जाते.

चमचा

यात एक मजा आहे जी फार कमी लोक मुद्दाम पकडतात. चहा नुकताच ओतलाय, त्यात बारीक हवा भरलेली आहे, अशा वेळी चमच्याने ढवळून ग्लासाच्या तळाला हलकं टकटक केलं तर पहिला आवाज खालच्या सुरात येतो आणि बुडबुडे निघून जातील तसा सूर वर चढतो. द्रवात हवेचे बुडबुडे असले की त्यातून आवाज हळू जातो म्हणून हे होतं. कोऱ्या चहात ते थोडं असतं, दुधाच्या फेसाळ चहात किंवा हॉट चॉकलेटमध्ये भरपूर. म्हणून चमच्याचा टेक मी वेगळा दुधाच्या चहावर घेतो, चित्रात फक्त चमचा आणि ग्लासाचा वरचा भाग घेतला की चालून जातं. ढवळलं की लगेच टकटक सुरू करा, दहा-बारा सेकंदात सूर चढून जातो आणि मग काही उरत नाही. चमचा पितळेचा किंवा लाकडी घ्या, पातळ स्टीलचा फार टोचतो. आणि गोल फिरवताना काचेला सतत घासू नका, तीन फेऱ्या मोकळ्या आणि एक हलकी टेकवून, एवढंच.

पानं, आणि गोव्याचा पाऊस

जुलैत गोव्यात पुस्तकाचं पान उलटून बघा. वाजतच नाही. कागद हवेतलं पाणी ओढून घेतो, तंतू मऊ होतात आणि पानाचा ताठपणा जातो, आणि कुरकुर म्हणजे दुसरं काही नाही, ताठ कागद वाकताना त्यात एकामागून एक बारीक सुरकुत्या झटक्याने पडतात आणि सुटतात त्याचा आवाज. मऊ कागद झटका देत नाही, नुसता लवंडतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत तेच पुस्तक तेच पान छान बोलतं. पावसात रेकॉर्ड केलेले पानांचे आवाज ओल्या फडक्यासारखे का येतात याचं उत्तर माइकमध्ये शोधू नका.

तपासायला सोपं आहे. पान एका कोपऱ्याला धरून हलवा. ताठ उभं राहून कडक आवाज देत असेल तर कोरडं, माना टाकत असेल आणि फडफड एवढीच येत असेल तर ओलं. पावसाळ्यात करायचंच असेल तर पुस्तक आदल्या रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात घाला, पानं थोडी पंख्यासारखी उघडी, आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या, मूठभर तरी, बुटांच्या खोक्यातली एकटी पुडी काही करत नाही. सिलिका नसेल तर तव्यावर कोरडे भाजून थंड केलेले तांदूळ फडक्यात बांधून. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी ड्राय मोडवर बंद खोलीत तीन-चार तास पुस्तक उघडं ठेवावं आणि रेकॉर्डिंगच्या वेळी एसी बंद करावा. पुस्तक उन्हात घालू नका, पानं वाकतात आणि बांधणी उकलते. आणि डब्यातून काढलं की लगेच काम सुरू करा, पानांच्या कडा पुन्हा ओल धरायला लागतात, आधी कडाच मऊ पडतात आणि अंगठा फिरवायचा आवाज कडांचाच असतो. म्हणून पावसाळ्यात क्रम बदला, पानं आधी रेकॉर्ड करा, चहा नंतर. गरम चहाची वाफ बंद खोलीत पसरल्यावर पानांना हात लावण्यात अर्थ नाही.

कागद निवडताना वर्तमानपत्र फार मोठा आणि पसरट आवाज करतं, ते एका वेगळ्या शॉर्टसाठी चांगलं. गुळगुळीत आर्ट पेपरवर बोट चिकटतं आणि किर्र होतं. शाळेची वही ठीकठाक. मला जुनं, पिवळट पडलेलं, जाड साध्या कागदाचं पुस्तक आवडतं, पन्नास-साठ वर्षांपूर्वी छापलेल्या पुस्तकांचे कागद ठिसूळ होऊन इतके छान कुरकुरतात की बास. पण ठिसूळ म्हणजे कोपरे तुटतात, म्हणून घरातली पोथी, आजोबांच्या सहीचं पुस्तक, ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक यासाठी वापरू नका. रद्दीवाल्याकडे म्हापशात, मडगावात असं जुनं एखादं मिळून जातं.

माइक पुस्तकाच्या समोर ठेवला तर पान उलटताना हवेचा झोत सरळ त्याच्यावर येतो आणि धप् असा जाड आवाज होतो. तो पुस्तकाच्या वरच्या कडेला ठेवा, दहा-पंधरा सेंटीमीटरवर, किंचित तिरपा, म्हणजे झोत बाजूने जातो. अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो, खोली तेवढीच राहते, म्हणून हळू आवाजांना जवळ जाणं हाच उपाय आहे, गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी, वाढवणं नाही, गेनने खोलीचा हिस्स पण वाढतो.

पान उलटायची पद्धत: कोपरा बोटाच्या पेराने उचला, अर्धा सेकंद तसाच धरा, मग सावकाश वर, मधल्या उभ्या जागेला जरासा ताण आणि मग पलीकडे सोडून तळव्याने वरून खाली सपाट करा. एका पानाला तीन ते चार सेकंद. तळव्याने सपाट करण्याचा जो मऊ श्श्श आहे तो वगळू नका, कुरकुरीनंतर तो आला की कान सैल होतो. पंखा बंद असल्याने हाताला घाम येणार, दर पानाआधी कोरड्या सुती फडक्याला हात पुसा, घामाचं बोट कागदावर चिर्र करतं. बांगड्या, घड्याळ, नायलॉनचा शर्ट सगळं काढा, सुती जुना कुर्ता घाला.

आणि पाऊस पडत असेल तर? कौलांवरचा पाऊस सगळ्या फ्रिक्वेन्सीज व्यापतो आणि त्याच्यात सगळ्यात आधी पानं बुडतात, चहा त्यातल्या त्यात टिकतो. पाऊस हवाच असेल, आणि गोव्याचा शॉर्ट म्हणून मला तो फार आवडतो, तर तो वेगळा दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि नंतर पानांच्या खाली पंधरा ते वीस डेसिबलने कमी ठेवून मिसळा.

फोन असेल तर

महागडा माइक नसला तरी होतं, पण फोनच्या कॅमेरा अ‍ॅपने आवाज घेऊ नका. ते अ‍ॅप बोलण्यासाठी केलेलं असतं, आवाज कमी झाला की स्वतःच गेन वाढवतं, त्यामुळे चहा थांबल्यावर मागचा हिस्स हळूहळू वर येतो, आणि नॉइज कमी करणारी यंत्रणा पानांच्या कुरकुरीला गोंगाट समजून कापते. ओळखायची खूण, शांततेच्या तीन सेकंदात हिस्स चढताना ऐकू आला तर गेन आपोआप चाललाय. व्हिडिओ एका फोनवर आणि आवाज दुसऱ्यावर घ्या, रेकॉर्डर अ‍ॅप असं घ्या ज्यात गेन हाताने लावता येतो आणि अनप्रोसेस्ड किंवा रॉ असा पर्याय आहे, फाइल वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर चमचा ग्लासावर एकदा वाजवा, त्या टोकावर दोन्ही जुळवता येतात. फोन एअरप्लेन मोडवर.

माइक घ्यायचाच झाला तर कॉलरचा छोटा माइक यासाठी घेऊ नका, त्याचा स्वतःचा हिस्स जास्त असतो, मोठ्या पडद्याचा कंडेन्सर बघा आणि जाहिरातीतल्या बाकी गोष्टी सोडून फक्त सेल्फ नॉइजचा आकडा विचारा, दहा डीबीएच्या खाली असला तर या कामाला उत्तम.

एडिटिंग, थोडंसंच

ऑडॅसिटी फुकट आहे, पुरतं. हाय पास फिल्टर ८० हर्ट्झला, त्याच्या खाली रस्त्याची घरघर आणि टेबलाचे धक्के सोडून काही नाही. नॉइज रिडक्शन लावायचंच तर सहा डेसिबलच्या वर जाऊ नका, पानांना पाण्याखालून ऐकल्यासारखी टिणटिण आली की जास्त झालं. वेगवेगळ्या टेकमध्ये खोली वेगळी ऐकू येते, म्हणून ते सुरुवातीला घेतलेले शांततेचे तीस सेकंद दोनदा जोडून पूर्ण ४८ सेकंदांखाली पसरवा आणि प्रत्येक जोडाला अर्ध्या सेकंदाचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक आवाज विरताना दुसरा चढतो. शांतता म्हणून फाइल पूर्ण कोरी ठेवू नका, हेडफोनमध्ये ती खड्ड्यासारखी जाणवते.

आवाजाचे चढउतार दाबणारा कॉम्प्रेसर इफेक्ट नको. चमच्याचा एखादा ठोका फार टोचत असेल तर तेवढाच तुकडा निवडून हाताने चार-सहा डेसिबल खाली आणा. पूर्ण शॉर्टची लाउडनेस उणे २० एलयूएफएसच्या आसपास, सगळ्यात मोठं टोक उणे ६. यूट्यूब फार मोठ्याने असलेला आवाज खाली आणतं पण हळू असलेला वर नेत नाही, म्हणून उणे ३० ठेवलं तर ऐकणारा व्हॉल्यूम पूर्ण चढवेल आणि पुढचा कुणाचा तरी ढोलवाला शॉर्ट त्याच्या कानात फुटेल. त्याच्यासाठी एवढा विचार करायला हवा.

शेवटी तीन ठिकाणी ऐका. हेडफोनवर, मोनो करून, आणि साध्या फोनच्या स्पीकरवर. फोनच्या स्पीकरला खालचा आवाज जवळजवळ नसतोच, तिथे धारेचा चढता सूर आणि कागदाची कुरकुर एवढंच उरतं, आणि ते दोन्ही तिथेही ऐकू आले तर फाइल तयार आहे. दोन्हीपैकी कागद गायब असेल तर फिल्टर बिल्टर लावत बसू नका, पुस्तक परत डब्यात घाला आणि दुसऱ्या दिवशी पानांचा टेक पुन्हा घ्या. फ्रीज चालू केलात ना, तेवढं बघा.